अकरा सह्या

भाषणाचं आमंत्रण आलं तेव्हा भागवत गुरुजींनी फक्त एकच गोष्ट विचारली, "किती वेळ बोलायचं?" निवृत्त होऊन सात वर्षं झालेल्या मास्तराला श्रोते मिळणं सोपं नसतं. घरात गोमतीबाई तेवढ्या होत्या, आणि त्या ऐकता ऐकता भाजी निवडायच्या. भाजी संपली की उठून जायच्या. त्यामुळे फुलचंद सरपंचाने फोनवर "तुमाले पाह्यजे तेवढं बोला गुरुजी" असं म्हटलं, तेव्हा म्हातारा हुरळून गेला.

पोहरादेवीच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या तांड्यावर गुरुजींनी चौदा वर्षं नोकरी केली होती. खुद्द फुलचंद त्यांच्याच हाताखालून गेलेला. आता त्याने समाजमंदिराची मागची खोली रंगवून घेतली होती, दोन लोखंडी रॅक आणले होते, एक लांब टेबल, बारा खुर्च्या, वर्तमानपत्राचा स्टँड. त्याची सून योगिनी बी.ए. झालेली होती. तिने गावोगाव फिरून साडेतीनशे पुस्तकं गोळा केली, प्रत्येकावर दाखल क्रमांक घातला, पहिल्या पानावर आणि मधल्या एका पानावर शिक्का मारला. उद्घाटनाला वाचन प्रेरणा दिनाचा मुहूर्त धरला. त्याला आणखी एक कारण होतं. चार दिवसांनी मुकादमाच्या गाड्या येणार होत्या आणि ऊसतोडीला जाणारी निम्मी घरं सहा महिन्यांसाठी बंद होणार होती. मग भाषण करायचं कुणापुढे, रिकाम्या ओट्यांपुढे?

गुरुजींनी भाषणावर चार दिवस घालवले. वाचनाची सवय कशी लागते याचे मुद्दे काढले. मुलाला पुस्तक निवडू द्या. आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडू द्या, त्याला रागवू नका. रोज एकच वेळ धरा, दहा मिनिटं का होईना. ज्याला वाचता येतं त्याने ज्याला येत नाही त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. पुस्तक डोळ्यांपुढे राहिलं पाहिजे, हाताशी राहिलं पाहिजे. हा शेवटचा मुद्दा लिहिताना त्यांचं पेन जरा थांबलं होतं. पण भाषणात शोभतो म्हणून त्यांनी तो राहू दिला. आपल्या पोटात काय आहे हे माणसाला ठाऊक असतंच, फक्त तिकडे पाहायचं नसतं.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता, तो साडेअकराला सुरू झाला. फीत कापली, पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं. माईक आधी किंचाळला, मग मुका झाला, मग कुणीतरी त्याला दोन टपल्या मारल्यावर बोलायला लागला. फुलचंद पाहुण्यांची ओळख करून द्यायला उभा राहिला.

"आमच्या गुरुजीयचं काय सांगू तुमाले! शाळेत एकशे बासष्ट पुस्तकं होती. गुरुजीची बदली झाली, नव्या मास्तरानं चार्ज घेतला, तवाबी मोजून एकशे बासष्ट! चौदा वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही, एक पान फाटलं नाही. असा मानूस आज आपल्या वाचनालयाले लाभला. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. गुरुजी उठले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत त्यांना संगीता दिसली.

बायकांच्या तिसऱ्या ओळीत, मांडीवर पोर, शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. अठरा वर्षांनी पाहिली, तरी मान कलती करून ऐकायची तिची लकब तीच होती. ती गुरुजींकडे पाहून अगदी मनापासून हसली. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

एकशे बासष्टचा तो आकडा खरा होता. पण तो कसा टिकला हे दोनच माणसांना पुरतं ठाऊक होतं, एक गुरुजी आणि दुसरी ही. आता ते लपवून भाषण करायचं, की आयुष्यभर जपलेलं नाव या माईकपुढे स्वतःच्या हाताने मोडायचं? या नावाशिवाय त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

पहिली पाच मिनिटं त्यांनी लिहून आणलेलंच वाचलं. पुस्तक निवडू द्या, अर्ध्यावर सोडू द्या, दहा मिनिटं. लोक माना डोलवत होते. मग तो मुद्दा आला. "पुस्तक हाताशी राहिलं पाहिजे," एवढं वाचलं आणि पुढची ओळ काही केल्या तोंडातून निघेना. त्यांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"फुलचंद म्हनते तसं एकबी पुस्तक हरवलं नाही," ते म्हणाले. पुस्तकी भाषा गळून पडली होती. "काहून हरवलं नाही ते आयका. मी ते कोनाले देल्लंच नाही."

कुणीतरी विनोद समजून हसलं.

"हासू नका. शाळेत पुस्तकाचं कपाट होतं, त्याची चाबी माह्या जानव्याले बांधून राहे. बदली झाली का पुस्तकं मोजून द्या लागतात. कमी भरलं तर जबाब द्या लागते. त्या भेवानं मी कपाट वर्षातून एक डाव उघडो. पुस्तकं वट्यावर उन्हात घालो, कडूनिंबाचा पाला टाको, अन् परत बंद. पोरं दुरून पाहेत. हात लावू देत नव्हतो."

आता कुणी हसत नव्हतं.

"मंग साहेब तपासनीले येत. ते देवघेवीचं रजिस्टर मांगत. कोन्या पोरानं कोनतं पुस्तक नेलं, कवा आनून देल्लं, सारं पाह्यजे. ते कोरं कसं दाखवाचं? तर मी रातून... नाही, भर दुपारी, वर्गात बसून, मनानं नावं लिहो. अन् पोरायच्या सह्या घेवो. एक पोरगी होती चौथीत. तिचं अक्षर असं, का फळ्यावर सुविचार तीच लिहे. वाचाले तर आख्ख्या शाळेत तिच्या पुढं कोनी नव्हतं. किरान्याच्या पुडीचा कागदबी उलगडून वाचे. तिच्या सह्या चांगल्या दिसत म्हनून मी तिच्याच जास्त घेतल्या. अकरा. अकरा पुस्तकं नेल्याच्या अकरा सह्या, अन् एकबी पुस्तक तिच्या हाती देल्लं नाही."

गुरुजींनी माईक जवळ ओढला.

"तिचे मायबाप ऊसतोडीले निघाले, तिले संग घेऊन चालले. ती आली मापाशी. म्हने, गुरुजी, एक पुस्तक द्या, फडावर वाचीन, आल्यावर वापस करीन. मी म्हनलं, पुस्तक गावाबाहेर जात नसते, हरवलं तर कोन भरन? ती म्हने, मंग माह्या सह्या काहून घेतल्या? तिले मी वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही."

संगीता खाली पाहून मांडीवरच्या पोराचं टोपडं नीट करत होती.

"म्हनून सांगतो," गुरुजी योगिनीकडे वळले, "बाई, या रॅकाले दार लावू नको. पुस्तकं फाटू दे, हरवू दे. फाटलेलं पुस्तक कोनीतरी वाचलेलं असते. अन् जे लोक ऊसतोडीले जाऊन राह्यले त्यायले आधी दे. पंधरा दिवसात वापस कराचा नियम त्यायले लावू नको. सहा महिन्यासाठी दे."

टाळ्या झाल्या, पण चाचपडत. या कबुलीला टाळी द्यावी की नाही हे कुणाला कळेना. फुलचंदचा चेहरा उतरला होता. मात्र योगिनीने लगेच रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, "सुरवात तुमच्याच हातानं करा गुरुजी. पहिलं पुस्तक द्या."

गुरुजींनी संगीताला हाक मारली. ती लाजत, पदर सावरत पुढे आली, पोर मुलीकडे दिलं. गुरुजींनी रॅककडे हात केला. "घे. तुह्या मनानं निवड."

तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग मुखपृष्ठावर बैलजोडीचं चित्र असलेलं एक पुस्तक उचललं. ते उलटं धरलं आहे हे योगिनीच्या लक्षात आलं, गुरुजींच्या आलं नाही. ते रजिस्टर भरण्यात गर्क होते: दाखल क्रमांक, नाव, दिल्याची तारीख, परतीची तारीख पुढल्या एप्रिलातली. आयुष्यात पहिल्यांदा ते देवघेवीची खरी नोंद करत होते. त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे फिरवलं, पेन पुढे केलं. "कर सही. ही बारावी. या सहीवर पुस्तक भेटते."

संगीताने पेन घेतलं नाही. तिने शिक्क्याचं पॅड जवळ ओढलं, अंगठा त्यावर दाबला आणि रकान्यात टेकवला. सफाईने, रोजची सवय असावी तसा.

गुरुजी त्या जांभळ्या ठशाकडे पाहत राहिले.

"अवं, तुले तर लिहिता येत होतं."

"येत होतं गुरुजी," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "फडावर कायचं लिहिनं अन् कायचं वाचनं. दोन-चार वर्ष अक्षरं ध्यानात राह्यले. मंग एक एक करून गेले. मुकादमाच्या कागदावर अंगठाच चालते."

"पोरगी? पोरगी तं वाचत असन?"

"तिसरीत हाय. येते फडावर संग. लहान्याले कोन पाहीन?"

गुरुजींना माफी मागायची होती, पण कशाकशाची मागायची ते सुचेना. डोळे भरून आले आणि रजिस्टरवरचे रकाने पुसट झाले. म्हाताऱ्याचं ते तोंड पाहून संगीताला वाटलं, यांना पुस्तकाचीच काळजी लागली आहे. पुस्तक तिने पदराने पुसलं, छातीशी धरलं, आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी ती म्हणाली, "भेऊ नका गुरुजी. याले काई होऊ देनार नाही मी. पोरीलेबी हात लावू देत नाही. पेटीत ठेवतो, कुलूप लावून. जसं नेलं तसंच आनून देईन."