दोन लाख सत्तर हजारांचा फरक

माझ्या बापूंचे खिसे ज्या माणसानं भर सभेत उलटे करायला लावले, त्याला त्याच सभेत उभं करायचं असं मी पाच वर्षांपूर्वी ठरवलं होतं. पोरीनं इतका राग धरू नये असं आईसकट सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी धरला, जपला आणि दरवर्षी व्याजासकट वाढवला.

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात मेंढपाळांची एक कंपनी आहे. दोनशे सभासद, प्रत्येकाचे दहा हजारांचे शेअर. त्या भांडवलात बँकेचं कर्ज घालून कंपनीनं तीनशे चाळीस मेंढ्या घेतल्या, नऊ हजाराला एक, प्रत्येकीचा तेवढ्याचाच विमा उतरवला, आणि काही सभासदांच्या कळपांत चारायला वाटून दिल्या. कोकरं विकली जातात, मेंढ्या कंपनीच्याच राहतात. अध्यक्ष पहिल्यापासून गहिनीनाथ आबा. हिशेब लिहायला होते माझे वडील, सोमनाथ बापू. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव नको तितका गरीब.

पाच वर्षांपूर्वी, मार्च संपताना कंपनीच्या बँक खात्यात दोन लाख सत्तर हजार जमा झाले. पासबुकावर विमा कंपनीचं नाव होतं. आबा बापूंना म्हणाले, ते पैसे माझेच समज आणि अध्यक्षांकडून उसनवार म्हणून लिही. बापूंनी तसं लिहून मागितलं. आबांनी दिलं नाही, बापूंनी लिहिलं नाही. त्यांनी बँकेतली शिल्लक वाढवली आणि पैसे कुणाकडून आले त्या रकान्यात पेन्सिलनं फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

तो अर्धा ताळेबंद आबांनी बापूंच्या कपाटातून उचलला आणि सरळ सभेत फडकवला. म्हणाले, बघा, दोन बाजू जुळत नाहीत, दोन लाख सत्तर हजारांचा फरक आहे, म्हणजे ह्यानं तेवढे खाल्ले. मग बापूंना खिसे उलटे करायला लावले. चाळीस रुपये आणि तंबाखूची पुडी निघाली. लोक हसले. साखराबाई नावाची म्हातारी, जिच्या हातचं ताक पिऊन बापू लहानाचे मोठे झाले, ती त्यांच्या पायाशी थुंकली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. त्या दिवसापासून बापू चौकात चहाला गेले नाहीत.

पुढं मी अंबाजोगाईत एका सीएंच्या ऑफिसात लागले. पहिल्याच महिन्यात मला कळलं की त्या दिवशी सगळं गाव किती मूर्ख ठरलं होतं. ताळेबंद दोनच गोष्टी सांगतो. एका बाजूला संस्थेकडं आज काय काय आहे ते, म्हणजे मालमत्ता. दुसऱ्या बाजूला ते सगळं कुणाच्या पैशातून आलं ते: बाहेरच्यांचं असेल ते देणं, आणि बाहेरच्यांचं वजा जाता जे उरेल ते मालकांचं. कुठलीच वस्तू आभाळातून पडत नाही, आणि उरेल ते सगळं मालकांचंच धरायचं असतं, म्हणून दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात. आता बापूंचा कागद बघा. त्यात मालमत्तेची बाजू दोन लाख सत्तर हजारांनी जास्त होती. पैसे बँकेत होते! नुसतं त्यांच्या मूळ धन्याचं नाव लिहायचं राहिलं होतं. बापूंनी पैसे खाल्ले असते तर बँकेची शिल्लक कमी निघाली असती, आणि खाणारा काही दोन ओळी लिहून बाजू जुळवायला विसरत नाही. चोराचा ताळेबंद तर आधी जुळतो.

आबांचा पुढं दरवर्षी जुळलाच. बापूंच्या जागी आबांचा पुतण्या रविराज बसला आणि पहिल्याच दिवशी प्रश्नचिन्ह खोडून तिथं आबांची उसनवार लिहिली.

मी हे तेव्हाच ओरडून सांगू शकले असते. पण एका वर्षाच्या एका रकमेवर आबा सुटून गेले असते, चूक झाली म्हणून हात जोडले असते. मला ते सुटायला नको होते. मी बापूंचे शेअर माझ्या नावावर करून घेतले, सभासदाकडं मेंढ्या लागतात म्हणून पगारातून दोन मेंढ्याही घेतल्या. रविराजनं हसत हसत सही केली. दरवर्षी सभेला येऊन मागं बसायचे, अहवाल घ्यायचे, चहा प्यायचा आणि घरी जायचे. चार अहवालांत अध्यक्षांची उसनवार होती: दोन लाख सत्तर, साडेचार, पाच चाळीस, सात वीस. प्रत्येक पुढच्या वर्षी फेडलेली. पाचव्या अहवालात काहीच नव्हतं. एका रविवारी मी त्या रकमांना नऊ हजारानं भागलं. तीस, पन्नास, साठ, ऐंशी. एकही रुपया उरला नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

यंदाची सभा सप्टेंबरात, भर दुपारी, शेडपुढच्या मंडपात झाली. आबांनी ताळेबंद वाचला. मेंढ्या तीस लाख साठ हजार, शेड आणि यंत्रं तीन लाख चाळीस, बँकेत दोन लाख. बेरीज छत्तीस लाख. समोरच्या बाजूला बँकेचं कर्ज चौदा लाख, सभासदांचं भांडवल वीस लाख, राखीव निधी दोन लाख. बेरीज छत्तीस लाख. रुपयाचाही फरक नाही, असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. जुनी आठवण काढल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

मी उठले आणि आधी आबांचे आभार मानले. कंपनी अडचणीत असताना चार वेळा पदरचे पैसे घातलेत ना, असं विचारलं. आबा फुगले. चारही रकमा त्यांनी स्वतःच्या तोंडानं माइकवर मोजून दाखवल्या.

मग मी सभेकडं वळले. विमा काढलेली मेंढी मेली की तिचा बिल्ल्यासकट कान कापून द्यावा लागतो, त्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. आमच्याकडचे लोक तो कान आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवत आणि मोकळे होत. कान दिला म्हणजे मेंढी वहीतून गेली, असं प्रत्येकाला वाटायचं. आपल्या कळपातल्या किती मेल्या ते जो तो जाणून होता. सगळ्यांच्या मिळून किती, हे एकानंही कधी विचारलं नव्हतं.

"ह्या पाच सालांत कुणी किती कान दिले?" मी विचारलं.

मग साखराबाई उठली. मेलेल्या प्रत्येक मेंढीमागं ती घोंगडीच्या दशीला एक गाठ मारते. तिनं गाठी मोजल्या.

"माजे नऊ," ती म्हणाली.

मग एकेक हात वर गेला. पाच, अकरा, तीन, चौदा. मी मंडपातल्या फळ्यावर लिहीत गेले. दोनशे तेरावर थांबलं. काही मेंढके रानात होते, सभेला आलेच नव्हते. मी खाली आबांच्या चार रकमा लिहिल्या, एकोणीस लाख ऐंशी हजार, आणि नऊ हजारानं भागून दाखवल्या. दोनशे वीस.

मेंढी मेली आणि विम्याचे पैसे आले, तर बँक वाढते आणि मेंढ्या तेवढ्याच कमी होतात, हे मी सांगितलं. एका मालमत्तेच्या जागी दुसरी आली, बेरीज तीच. आबांनी मेंढ्या कमी केल्याच नाहीत. बँक वाढवली आणि समोर आपलं देणं वाढवलं. जुळलं. मग देणं फेडलं म्हणून तेच पैसे स्वतः उचलले. बँक कमी, देणं कमी. पुन्हा जुळलं. ऑडिटर कागदाला कागद लावून गेले, रानात मेंढ्या मोजायला कुणी गेलं नाही. मेलेल्या मेंढ्या कागदावर चरत राहिल्या.

आबा म्हणाले, पोरगी बापासारखीच खोटी आहे. मी बापूंनी जपलेली पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स पहिल्या रांगेत दिली आणि बाकीच्या तीन रकमा कुठून आल्या ते दाखवायला रविराजकडं पासबुक मागितलं. रविराजनं आबांकडं बघितलं नाही. त्यानं शेडमधलं कपाट उघडलं आणि पासबुक माझ्याऐवजी साखराबाईच्या नातवाच्या हातात दिलं. पोरानं मोठ्यानं वाचलं. चारही वेळा विमा कंपनीचंच नाव होतं.

मग साखराबाईनं जे विचारलं, त्याचीच मी पाच वर्षं वाट बघत होते.

"मंग माज्या पैशाचं काय झालं गं?"

मी फळा पुसला आणि सावकाश लिहिलं, तिला नीट दिसावं म्हणून. मालमत्ता छत्तीस लाख, त्यातून नसलेल्या मेंढ्यांचे एकोणीस लाख ऐंशी हजार वजा. राहिले सोळा लाख वीस हजार. बँकेच्या चौदा लाखाला हात लागत नाही, आपली मेंढी मेली म्हणून बँक कर्ज कमी करत नाही. म्हणजे कमी व्हायला एकच जागा उरते, मालकांची. दोन लाख वीस हजार. राखीव निधी धरून कागदावर अकरा हजार असलेला प्रत्येकाचा वाटा अकराशेवर आला होता.

तेव्हा हसलेली तोंडं मी एकेक करून बघितली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आबा जायला उठले तेव्हा मी माइक घेतला.

"थांबा आबा. तुमचे खिशे आमी बघणार न्हाई, लई लहान पडतील."

मालमत्तेच्या बाजूला मी नवी ओळ लिहिली: गहिनीनाथ यांच्याकडून येणे, एकोणीस लाख ऐंशी हजार. बेरीज पुन्हा छत्तीस लाख. समोर सभासदांचे बावीस लाख पुन्हा जागेवर आले.

"आता बी जुळलं," मी लोकांना म्हणाले. "पर तुमच्या अकरा हजारातले नऊ हजार नऊशे ह्या एका माणसाकडं हायेत. त्यानं दिले तरच ती ओळ खरी. न्हाई दिले तर तुमी बुडाला."

आबांचं नवं दुमजली घर मंडपातून दिसतं. सगळ्या माना तिकडं वळल्या. हिशेब नामंजूर झाले, वसुलीचा आणि पोलिसात तक्रारीचा ठराव झाला, आणि आबांना, मी तेव्हा ज्याला धरून उभी होते त्याच खांबाजवळ, संध्याकाळपर्यंत उभं राहावं लागलं, कारण त्यांना वाट द्यायला कुणी सरकत नव्हतं. साखराबाई बापूंची माफी मागायला निघाली होती. मी तिला म्हटलं, पाच वर्षं उशीर झालाय, आणि तिला घरी येऊ दिलं नाही.

बापू ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ट्रंकेतून तो जुना ताळेबंद काढला, मेंढ्यांच्या रकमेतून दोन लाख सत्तर हजार वजा केले, कडेला लिहिलं, तीस मेंढ्या मयत, विमा बँकेत जमा. मालमत्तेची बेरीज तेवढ्यानं खाली आली आणि समोरच्या बेरजेला येऊन भिडली. मग त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं. तिथं लिहायला आता काहीच नको होतं.

"वरडला का तो?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मी बी न्हवतो वरडलो," बापू म्हणाले. त्यांनी चपला घातल्या, दोन्ही खिसे चाचपून पाहिले आणि चौकात चहाला गेले.