पुढे गेलेली रुजू तारीख

राजीनामा मंजूर होऊन माझ्या जागी सत्यम आला होता, आणि त्याला काम शिकवण्याचा मान माझाच होता. तेवढ्यात वाळूजच्या नव्या कंपनीतील भरती अधिकारी मोनिका यांचा मेल आला. पाणीकपातीमुळे कारखान्याचे काम मंदावल्याने माझी एक जूनची रुजू तारीख ‘पुढे’ गेली होती. किती पुढे, हे लिहिण्याचे सौजन्य त्यात नव्हते.

माझ्या खुर्चीत बसून सत्यम डबा खात होता. मला त्याच्या भाकरीचाही हेवा वाटला.

मी मोनिकांना लिहिले, “आपल्या ऑफरवर विसंबून मी राजीनामा दिला. शुक्रवार इथला माझा शेवटचा दिवस. ऑफर कायम आहे का आणि नवी तारीख कोणती, हे गुरुवारपर्यंत लेखी कळवावे. तरच इथे मुदतवाढ मागता येईल.”

गुरुवारी उत्तर आले: ऑफर कायम, तारीख पंधरा जुलै. ते मी साहेबांना दाखवले.

“राहा तोवर,” साहेब म्हणाले. “पण खुर्ची आता सत्यमची. त्याच्या हाताखाली चालंल का?”

दीड महिना घरी बसणे परवडणारे नव्हते. मी होकार दिला.

सत्यमने शेजारी स्टूल ओढले. “बसा सर. लई शिकवलं तुम्ही, आता आराम करा.”

तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच मला सहन झाले नाही.