कोड बदललेला नाही

बातमी छापून आली आणि केमिस्टबाई गप्प झाल्या. पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या कामाला. नमुने न तपासताच 'पाणी पिण्यायोग्य' असे अहवाल निघतात, हे त्यांनीच मला कळवलं होतं. त्यांची माझी गाठ घालून दिली होती माझ्या धाकट्या दिरानं. तो तिथेच पंप चालवतो. बातमीवर माझं माहेरचं आडनाव छापतात, म्हणून आमचं नातं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि घर त्याच्या पगारावर चालतं. वर्तमानपत्राच्या पगारात माझा चहासुद्धा जेमतेम भागतो.

दुपारी बाईंचा मेसेज आला. 'मी ठीक आहे. आपल्या माणसाला सावध करायला हवं. त्याचा नंबर माझ्याकडून पुसला गेलाय. पाठवता का?'

बाई कधी 'नमस्कार' घातल्याशिवाय लिहायच्या नाहीत. एकदा तर 'नमस्कार, हो' एवढाच मेसेज होता.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा एक जण आहे. त्याला सगळे कुलूप म्हणतात, कारण दिसेल त्याला तो पासवर्ड बदलायला लावतो. मी त्याच्यापुढे फोन धरला. त्यानं बाईंच्या नावावर बोट टेकवून सुरक्षा कोड उघडला. पहिल्या भेटीत बाईंचा फोन आणि माझा फोन समोरासमोर ठेवून आम्ही हाच कोड ताडून पाहिला होता.

"कोड बदललेला नाही," तो म्हणाला. "नवीन फोन घेतला असता किंवा कुणी त्यांचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू केला असता, तर बदलला असता. मेसेज त्यांच्या फोनवर बंद होतो तो थेट तुझ्या फोनवर उघडतो. मधे ॲपच्या कंपनीलाही वाचता येत नाही. पाठव की नंबर."

"म्हणजे फोन बाईंचाच."

"शंभर टक्के."

"आणि हात?"

"हात कुणाचा, ते कोड सांगत नाही," तो जरा ओशाळून म्हणाला. मला त्याचा असा राग आला! शंभर टक्के म्हणे.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'नमस्कार. नवऱ्याच्या फोनवरून लिहितेय. माझा फोन साहेबांनी काढून घेतला, लॉकही उघडायला लावलं. त्यावरून काही आलं तर उत्तर देऊ नका.'

आता हिच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? नमस्कार कुणीही घालेल. एकीकडे ओळखीचा नंबर आणि जुनाच कोड, दुसरीकडे कोण कुठली परकी. जे आम्ही कधीच टाइप केलं नव्हतं, तेच विचारायला हवं होतं. मी दोन्हीकडे एकच प्रश्न पाठवला. 'पहिल्या भेटीत तुम्ही मला काय दिलं होतंत?'

जुन्या नंबरवरून झटकन आलं, 'अहवाल.'

दुसरीकडून जरा वेळानं आलं, 'सेफ्टी पिन. तुमच्या चपलेचा पट्टा तुटला होता.'

मी जुन्या नंबराला पुढे एक अक्षर पाठवलं नाही. साहेब बसले असतील वाट बघत, बसू देत! मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग दिराला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

संध्याकाळी घरी आले तर दीर कामाच्याच कपड्यांत खुर्चीवर बसलेला, आणि जाऊ भिंतीला टेकून उभी.

"उद्यापासून येऊ नको म्हणाले," तो म्हणाला.

"पण मी नाव सांगितलं नाही, भाऊजी! नंबरही दिला नाही. तुमची शपथ!"

"माहीत आहे वहिनी. तुमच्याकडून काही येईना, म्हणून मग मलाच बोलावलं. बाईंचा फोन साहेबांच्या टेबलावर होता. मेसेज सगळे गेलेले. एका दिवसात आपोआप पुसले जातील असं तुम्हीच लावून दिलं होतंत ना? पण चॅटमध्ये तुमचं नाव तसंच होतं, आणि कॉलच्या यादीत माझं. तुम्हाला काही कळवलं की बाई मला कॉल करायच्या. ते सगळे कॉल होते तिथे, वेळेसकट. बाकी कुणाला एवढे कॉल नाहीत."

"काय बोललात ते विचारलं?"

"नाही. म्हणाले, त्याची गरज नाही."

जाऊ भिंत सोडून पुढे आली. "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात, ते मेसेज कुणालाही वाचता येत नाहीत."

"नाहीच आले गं वाचता," मी म्हणाले.