दोन चमचे दही

पाळणाघराच्या स्वयंपाकघरात एक फळा होता. कुठल्या पोराला काय चालत नाही, ते त्यावर खडूनं लिहिलेलं असे. छोटी नवी आली तेव्हा मोठ्या बाईंनी एवढंच लिहिलं : छोटी – दूध नाही. तिच्या आईनं दिलेला सूचनांचा पानभर कागद मात्र ऑफिसच्या कपाटात राहिला.

ती ओळ वाचून स्वयंपाकाच्या मावशींना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यांनाही दूध सोसत नव्हतं. कपभर प्यायलं की पोट फुगायचं आणि मग दिवसभर संडासाच्या वाऱ्या. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुधातली साखर तुम्हाला पचत नाही. दही चालेल, विरजणानं त्यातली बरीचशी साखर संपते. जुनं मुरलेलं चीज तर खुशाल खा. तेव्हापासून त्या वाटीभर दही खात आणि पोट मुकाट राही. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात ना, तसं त्यांनी छोटीला ओळखलं.

त्या दुपारी सगळ्यांच्या ताटात दही होतं. चार वर्षांची छोटी कोरडा भात चिवडत बसली होती.

"मावशी, मलाच का नाही?"

मावशींचा जीव कळवळला. "घे गं बाई, दह्यानं काही होत नाही. मी रोज खाते."

दोनच चमचे. तिसरा तोंडाशी नेईपर्यंत छोटीचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मावशींनी हाक मारली. मोठ्या बाई धावत आल्या, तिच्या आईनं कागदासोबत दिलेली औषधाची सुई कपाटातून काढून तिच्या मांडीत टोचली आणि अँब्युलन्स बोलावली.

पोरगी वाचली. हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले तेव्हा मावशी दाराशीच उभ्या होत्या. "दूध मलाही सोसत नाही, पण दही चालतं हो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला दुधातली साखर पचत नाही, म्हणून पोट बिघडतं. हिला दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे. दही लावा, चीज करा, साखर काढलेलं दूध आणा, प्रोटीन जात नाही."

"एवढंसंच होतं हो."

"जीव जायला एवढंसंही पुरतं."

छोटीची आई ओरडली नाही. "कागद वाचला नव्हता?" एवढंच तिनं विचारलं.

"कुठला कागद?" मावशी म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मान खाली घातली.

आता तो कागद फळ्यावर चिकटवलाय. मावशी तो रोज सकाळी वाचतात, पाठ झाला तरी.

पंधरा दिवसांनी छोटी परत आली, घरचा डबा घेऊन. मावशींनी हात घासून धुतले, एक केळं सोललं आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसल्या. छोटीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई म्हणाली, मावशीच्या हातचं खायचं नाही."

"बरोबर सांगितलंय आईनं," मावशी म्हणाल्या, आणि केळं हातात तसंच धरून तिच्या डब्याचं झाकण उघडायची वाट बघत राहिल्या. ते घट्ट बसलं होतं. छोटी एकटीच झटत होती. तिनं मदत मागितली नाही.