पुन्हा रॉडखाली

सत्यशीला आरमोरीला आली होती मावसबहिणीच्या घरी, बारशाला. जेवण झाल्यावर बाया गप्पा मारत बसल्या तेव्हा ती जरा पाय मोकळे करायला बाहेर पडली आणि चालता चालता गुलाबभाऊंच्या गल्लीत शिरली. मुद्दाम नाही. पण वळणावर पोचण्याआधीच तिला तो आवाज ऐकू आला, वजनाच्या लोखंडी प्लेटा लाकडावर टेकल्याचा, आणि मग पाय आपोआप तिकडे गेले.

टिनाचा हॉल तसाच होता. गुलाबभाऊ वनविभागाच्या लाकूड डेपोत नोकरीला होते, तेव्हा त्यांनी घराच्या बाजूला तो उभा केला होता. खाली सागाच्या जाड फळ्या अंथरलेल्या. गावातल्या पोरापोरींना ते संध्याकाळी तिथं वजन उचलायला शिकवायचे. सत्यशीला आणि हर्षा या दोघी त्यांच्याकडे शिकलेल्या पहिल्या मुली. कॉलेजची पाच वर्षं दोघी तिथंच वाढल्या म्हटलं तरी चालेल. विद्यापीठाच्या स्पर्धेत सत्यशीलेनं एकशे दहा किलोचा स्क्वॉट मारला होता, म्हणजे तेवढं वजन खांद्यावर घेऊन ती खाली बसून उठली होती. मग नर्सिंगची नोकरी, लग्न, मुलगी, गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या पाळ्या. नऊ वर्षं तिनं रॉडला हात लावला नव्हता.

गुलाबभाऊ दारात स्टुलावर बसले होते. केस पार पांढरे झालेले. त्यांना तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

"किती वर्षानं आली गं सत्या. ये, बस."

ती बसली नाही. आत जाऊन रॉड ठेवायच्या रॅकसमोर उभी राहिली. रॉडवरची खरखर बोटांना लागली.

"भाऊ, मी पुन्हा सुरू केलं तर जमन का?"

"जमन ना. पण मी सांगन तसं करशील तर. आठ आठवडे दे मले. आठवड्यातून दोनदा ये. आठ आठवडे जुन्या वजनाचं नाव काढायचं नाई."

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा कुलदीप म्हणाला, "जा ना. पोरीचं मी पाह्यतो." त्यानं तिला कधी वजन उचलताना पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी ती गोष्ट भिंतीवरच्या एका फोटोपुरती होती.

सप्टेंबर संपत आला होता. दवाखान्यातली पाळी सुटली की ती एसटीनं आरमोरीला जायची. पोर्ल्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान हिरवागार उभा असायचा. खिडकीशी बसली की तिला कॉलेजच्या दिवसांतली हर्षा आठवायची. हर्षा हॉलमधून परतताना हातात केळी घेऊन चालायची, एक स्वतः खायची आणि दुसरं सत्यशीलेच्या तोंडात कोंबायची.

पहिल्या दिवशी गुलाबभाऊंनी तिला नुसता रॉड दिला. वीस किलो. प्लेट एकही नाही.

"आठ रेप, आठदा खाली-वर. असे तीन सेट. खाली हळू जा, पूर्ण बस."

"भाऊ, हे तर मले काहीच वाटत नाई."

"वाटायलेच नाई पायजे."

बेंचवर उताणं झोपून छातीवरून उचलायलाही रिकामा रॉडच. डेडलिफ्टला, म्हणजे खालून रॉड उचलून उभं राहायला, चाळीस किलो, तेही प्लेटांखाली फळ्या ठेवून, म्हणजे फार खाली वाकावं लागू नये. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपलं. बसमध्ये तिला वाटलं, एवढ्यासाठी का मी इतक्या दूर आले.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना ती कठडा धरून आडवी आडवी उतरली. मांड्या अशा भरून आल्या होत्या की खुर्चीत बसताना तोंडातून आवाज निघायचा. वॉर्डातली दुसरी नर्स पुनम हसून लोटपोट झाली. सत्यशीलेलाही हसू आलं. हे दुखणं तिला ओळखीचं होतं. पहिल्या वर्षी ती आणि हर्षा अशाच एकमेकींचा हात धरून कॉलेजचा जिना उतरायच्या.

दुसऱ्या आठवड्यात अंग तितकं दुखलं नाही. तिसऱ्यात तर जवळपास नाहीच. दर खेपेला गुलाबभाऊ स्क्वॉटला पाच किलो वाढवायचे, बेंचला त्याहून कमी. त्यांचा एकच नियम होता: अजून तीन रेप निघाल्या असत्या असं वाटतं तेव्हाच रॉड ठेवायचा.

आणि शरीर आठवू लागलं. तिला सांगावं लागत नव्हतं. रॅकखाली शिरताना खांदे आपोआप मागं जायचे, पोटात श्वास भरला जायचा, टाचा फळीत रुतायच्या. जे शिकायला तिला दोन वर्षं लागली होती, ते तीन आठवड्यांत परत येत होतं. चौथ्या आठवड्यात पन्नास किलो तिनं पाचदा असे उचलले, की जणू मधली नऊ वर्षं कोणी कापून फेकली होती.

"चांगलं झालं," गुलाबभाऊ म्हणाले. "मी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाले चाललो. चाबी भागीरथाजवळ राहीन. पुढच्या खेपेले पंचावन्न मार. त्याच्यावर जाऊ नको."

पुढच्या खेपेला गुलाबभाऊंच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, चावी दिली आणि चहाचं विचारून घरात गेल्या. हॉलमध्ये कोणी नव्हतं. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या फळ्यांवर पडल्या होत्या. सत्यशीलेनं रॉड सुटला तर अडवणारे रॅकचे आडवे आधार नीट लावले, तेवढं भान तिला होतं. पंचावन्न मारले. हलके गेले. मग साठ घातले. तेही हलके.

त्या शांत हॉलमध्ये तिला हर्षाचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, वर ये, वर ये, वर ये. सत्तर. मग ऐंशी. ऐंशीला रॉड मध्यावर क्षणभर अडला आणि वर गेला. ती एकटीच हसली. शेवटी पंच्याऐंशी लावले, आणि तेही निघाले. रॉड रॅकवर ठेवून ती फळीवर खाली बसली, आणि तिला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. आपण अजून तीच आहोत असं तिला वाटलं.

तिनं भागीरथाबाईंना काही सांगितलं नाही. चहा पिऊन बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली. दुपारपर्यंत जिना चढणं अवघड झालं. ही मांडी भरून येण्यासारखी गोष्ट नव्हती. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत होतं. ती नर्स होती. काय झालं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. अस्थिरोग विभागातल्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, हलवून पाहिला. फाटलं काही नाही, म्हणाले, वाटीला पायाच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर ताण आलाय, भार कमी करा.

गुलाबभाऊ परत आल्यावर ती लंगडतच हॉलमध्ये गेली. त्यांनी चालीवरूनच ओळखलं.

"किती लावले?"

"पंच्याऐंशी."

ते वाकून तिच्या गुडघ्याकडे पाहू लागले. ती खाली मान घालून उभी राहिली. शेवटी तीच बोलली. "मीच पेशंटले सांगत राह्यते भाऊ. स्नायू लवकर तयार होतात, कंडरेले वेळ लागते. प्लास्टर काढल्यावर घाई करू नका. रोज सांगते."

"मंग काऊन केलं?"

"मले वाटलं, ते दिवस परत आले."

गुलाबभाऊंनी स्टूल पुढं ओढलं. "बस. आता सोडून द्यायचं नाई. सोडलं तर पुन्हा एवढंच मागं जाशील. दुखणार नाई तेवढंच करू."

पाचवा आणि सहावा आठवडा असा गेला. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडे वाकवून नुसतं थांबायचं. मग मागं उंच बाकडं ठेवून रिकामा रॉड घेऊन हळू हळू बसायचं, चार मोजत खाली. दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त दुखला, तर पुढच्या खेपेला कमी. न दुखल्यास बाकडं थोडं खाली. बेंच आणि डेडलिफ्ट मात्र चालू राहिले, कारण ते करताना गुडघा तक्रार करत नव्हता. डेडलिफ्ट हळूहळू सत्तरला पोचली.

याच दिवसांत एका संध्याकाळी तिनं हर्षाला फोन लावला. हर्षा माजरीला असते, नवरा कोळसा खाणीत. दोघींचं बोलणं सणावाराला व्हायचं, तेही थोडंसं. सत्यशीलेनं सगळं सांगितलं, हॉल, भाऊ, पंच्याऐंशी, गुडघा.

"तुले आठवते का," तिनं विचारलं, "त्या स्पर्धेत तुझं किती झालं होतं? तू माझ्या पुढं होती ना? एकशे पंधरा का वीस?"

"खरं सांगू का सत्या, मले आकडा आठवतच नाई."

"असं कसं?"

"नाई आठवत ना. मले आठवते, परतताना बस बंद पडली होती अन आपण ब्रह्मपुरीच्या स्टँडवर रात्रभर बसलो होतो. गुलाबभाऊनं सगळ्याइले समोसे आणले. तू हसता हसता बाकड्यावरून पडली होती. काऊन हसली होती ते मात्र आठवत नाई."

सत्यशीलेला तेही आठवत नव्हतं. दोघी फोनवर बराच वेळ आठवत बसल्या आणि न आठवल्यामुळेच हसत राहिल्या. फोन ठेवल्यावर ती ओसरीवर तशीच बसून राहिली. नऊ वर्षं ती एक आकडा सांभाळून होती. हर्षाजवळ तो नव्हताच, आणि हर्षाचं काही अडलंही नव्हतं.

सातव्या आठवड्यात बाकडं काढलं. चाळीस, मग पन्नास. खाली बसताना गुडघ्यात एक बारीक जाणीव होती, दुखणं नव्हतं. आता सत्यशीला स्वतःच सांगायची, "आज इतकंच, भाऊ." गुलाबभाऊ मान हलवायचे.

आठव्या आठवड्यात बसच्या खिडकीतून धान कापलेल्या शेतांच्या बांध्या दिसत होत्या. कुठं कुठं पेंढ्या पडलेल्या, कुठं मळणी चाललेली. हॉलमध्ये गार होतं. गुलाबभाऊंनी तिला जास्त वेळ अंग गरम करायला लावलं. मग त्यांनी रॉडवर एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला वीस लावले.

"साठ. पाच रेप. त्याच्यावर आज काहीच नाई. आठ आठवडे झाले म्हणून किती जाते ते तपासून पाह्यायचं नाई. कसं उठते ते मले पाहू दे."

तिनं श्वास भरला आणि रॉड खांद्यावर घेतला. खाली गेली, वर आली. दुसरी, तिसरी. चौथ्या रेपला तिला आपला श्वास ऐकू आला, बाकी काहीच नाही, हर्षाचा आवाजही नाही. पाचवी थोडी हळू पण सरळ निघाली. अजून तीन निघाल्या असत्या. तिनं रॉड ठेवला.

"गुडघा?"

"ठीक आहे."

"उद्या सकाळी पाह्य अन फोन कर." ते प्लेटा काढू लागले. "पुढच्या आठवड्यापासून तिसरा दिवस वाढवू. तुह्या ड्युटीत बसते का?"

"पाळ्या बदलून घेते. पुनमले विचारते."

तेवढ्यात भागीरथाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, नव्या तांदळाचा भात टाकला आहे, जेवून जा. सत्यशीलेनं घड्याळ पाहिलं. यानंतर आणखी एक बस होती. तिनं कुलदीपला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, हातपाय धुतले आणि आत जेवायला गेली.