आजीच्या चांदीचं वजन

"दहावा परसेंटाइल म्हणजे नापास नाही," पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई डिंपलला तिच्या पोरीच्या वाढीचा तक्ता दाखवत म्हणाल्या. "हिच्या वयाच्या शंभर पोरी उभ्या केल्या, तर दहाएक हिच्याहून ठेंगण्या. उंची आपल्या रेषेवर आहे. वजन मात्र दोन महिन्यांत हललं नाही, ते काहून?"

डिंपलला आठवलं. "आधी हिले वजनाले सासूबाई आणत. चांदीचे करदोडा-वाळे काढूच देत नव्हत्या. पोरीले नजर लागते म्हणत."

सासूबाई वारल्यापासून पोरीच्या अंगावरून काढलेली ती चांदी डिंपलच्या पिशवीत होती. काट्यावर ती साडेतीनशे ग्रॅम भरली. जुन्या नोंदींतून तेवढी वजा करताच रेषा खाली सरकली, पण सरळ चढती झाली.

पोर धड होती. 'पोरीले उपाशी ठेवतेस' म्हणून रोज भांडणाऱ्या सासूबाईंना हे ठणकावून सांगायचं होतं. डिंपलनं चांदी परत पिशवीत टाकली.