सगळं त्यातच आलं

‘‘काकू, सगळं त्यातच आलं,’’ एजंट म्हणाला. सगळं त्यातच आलं म्हणणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. मी चष्मा लावून त्याची सहलीची दोन्ही पॅकेजं वाचायला घेतली.

पहिल्यात नाश्ता होता, पण रात्रीचं जेवण नव्हतं. बोटीची फेरी म्हणे स्वखर्चाने. हॉटेल ‘चार तारांकित किंवा तत्सम’.

‘‘हे तत्सम म्हणजे कोण? हॉटेलचं नाव लिहून द्या.’’

त्यानं निमूटपणे नाव लिहिलं, जेवणही त्यात घातलं, आणि बोटीचे पैसेही माफ केले. ‘‘आता तरी पसंत? समुद्राकडे तोंड असलेली खोली आहे. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघांना ऐसपैस.’’

‘‘आणि बुकिंग रद्द केलं तर?’’

‘‘मग पैसे परत नाहीत. म्हणून तर स्वस्त आहे.’’

मी दुसरं पॅकेज पुढे ओढलं. हॉटेल जुनं, खोलीसमोर गाड्यांचा तळ, वर पैसे जास्त. पण निघायच्या आठवडाभर आधीपर्यंत रद्द केलं, तर पैसे पूर्ण परत. ‘‘हे करा.’’

‘‘इतकी घासाघीस करून हे घेताय? मुलगा येणार आहे ना?’’

‘‘येणार आहे की. दरवर्षी येणारच असतो.’’

अर्ज भरत त्यानं हळूच विचारलं, ‘‘रद्द करायचं झालं, तर फोन कोण करेल? मुलाचा नंबर लिहू?’’

‘‘माझाच लिहा,’’ मी म्हणाले. ‘‘त्याला तेवढाही वेळ नसतो.’’